सोबत अहवाल जोडला आहे

(जळगावात कारखान्यांतील पाळीप्रमुख आणि सुरक्षा कर्मचाऱ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, विषय एवढासाच आहे. घटना अहवाल साहेबांना पाठवताना वरती ज्या दोन-चार ओळी आपण टाइप करतो, त्या ओळी. अहवाल कसा लिहावा यावर तुमची प्रशिक्षणं झाली असतील. या ओळींवर कोणी बोलत नाही, आणि माझं म्हणणं असं की नुकसान तिथेच होतं. माझ्या हातून झालेलं सांगतो.

बारा-तेरा वर्षांपूर्वी मी इथल्याच पट्ट्यातल्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये सुरक्षा पाहत होतो. जानेवारी, हंगाम भरात, आवारात कपाशीच्या गंज्या. रात्री 2.40 ला प्रेस हॉलमध्ये रुईच्या ढिगाला आग लागली. रुईची आग तुम्हाला माहीत आहे. वरून ती विझल्यासारखी दिसते आणि आत धुमसत राहते, म्हणून ढीग फोडून, पसरून, भिजवावा लागतो. पोरांनी ते नीट केलं. तीन वाजून पाच मिनिटांनी आग आटोक्यात आली. साधारण चार क्विंटल रुई गेली. कोणाला इजा नाही.

पाळीप्रमुखाने अहवाल लिहिला. शिक्षण दहावी, पण अहवाल असा की आजही मी तो उदाहरण म्हणून देईन. दोन पानं. धूर कोणी, कुठून पाहिला. पाइपातून माल ओढणारा पंखा कोणी, किती वाजता बंद केला. कोणती अग्निशामक नळकांडी वापरली. चार फोटो. आणि कारणाच्या रकान्यात त्याने लिहिलं होतं : ‘निश्चित नाही. पंख्याची पेटी उघडून पाहणे बाकी.’

हे वाक्य लिहायला धीर लागतो. रकाना रिकामा दिसला की आपला हात शिवशिवतो.

माझाही शिवशिवला. सकाळी 7.10 ला मी तो अहवाल मॅनेजरसाहेबांना पाठवला. ते त्या दिवशी मुंबईला होते. वर मी लिहिलं : ‘रात्री किरकोळ आग लागली होती. बहुधा बिडीमुळे. संबंधिताला समज देत आहोत. अहवाल सोबत.’

बिडी कुठून आली? धूर पहिल्यांदा पाहणारा हमाल त्याच वेळी बाहेरून आत आला होता, एवढंच अहवालात होतं. बाकीचं मी माझ्या डोक्यातून जोडलं. साहेबांनी गाडीत बसल्या-बसल्या मोबाइलवर मेल पाहिली, जोडलेली फाइल उघडली नाही, आणि नऊच्या आत फोन आला की त्या माणसाला आजपासून बंद करा. तो माझ्यासमोर उभा राहिला आणि एवढंच म्हणाला, “भाऊ, मी बिडी पेतच नई.” मी त्याला विचारलंही नव्हतं.

दुपारी फिटरने पंख्याची पेटी उघडली. आत बोटाएवढा बोल्ट, एका बाजूने घासून चकचकीत झालेला, आणि पात्यांवर ताजे ओरखडे. कपाशीबरोबर लोखंड ओढलं जातं, पंख्याच्या पात्यावर आपटतं, ठिणगी उडते, ती मालाबरोबर पाइपातून पुढे जाऊन ढिगात पडते आणि थोड्या वेळाने धूर दिसतो. जिनिंगमधल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. मलाही होतं. म्हणूनच तर पाळीप्रमुखाने पेटी उघडणं बाकी असल्याचं लिहिलं होतं.

मी साहेबांना फोन केला. ते म्हणाले, “तुम्हीच लिहिलं होतं ना?” त्यांचं बरोबर होतं. त्यांनी माझ्या मेलमधलंच वर मालकांना कळवलं होतं आणि तिथपर्यंत ‘बहुधा’ गळून पडलं होतं. पुढे विम्याचा सर्वेअर आला. त्याने पहिली कळवणी मागितली. मेलमध्ये बिडी, अहवालात अनिश्चित, फिटरच्या नोंदीत बोल्ट. आठवडाभर मी खुलासे लिहीत बसलो. हमालाला परत बोलावलं, तो आला नाही. त्याने दुसरीकडे काम धरलं होतं.

जुन्या कार्यालयांतले कारकून यात फार पक्के होते. अग्रेषण पत्र म्हणजे दोन ओळी : ‘सोबत अहवाल जोडला आहे. माहितीस्तव व पुढील कार्यवाहीस्तव सादर.’ खाली डावीकडे ‘सहपत्र : वरीलप्रमाणे’. आम्ही त्या भाषेला कोरडी म्हणायचो. पण त्या कोरडेपणामुळे अहवाल ज्याने लिहिला त्याचाच राहायचा.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत. या ओळी कशा लिहाव्यात, तो भाग आता भराभर सांगतो.

त्या दिवशी मी काय पाठवायला हवं होतं, ते हे :

> विषय : घटना अहवाल – रुईच्या ढिगाला आग, प्रेस हॉल, 14 जानेवारी, रात्री 2.40
>
> मा. साहेब,
> वरील घटनेचा अहवाल (2 पाने, 4 फोटो) सोबत जोडला आहे. तो पाळीप्रमुखांनी सकाळी 6.15 वाजता सही करून दिला. पंख्याच्या पेटीची तपासणी बाकी आहे; तिची नोंद आज पाठवतो. तोवर पंखा बंद आहे. तो सुरू करण्यास आपली परवानगी हवी.
> माहितीसाठी व निर्णयासाठी सादर.

विषयात काय, कुठे, कधी, एवढंच. ‘गंभीर’ नको, ‘किरकोळ’ही नको. चार क्विंटल किरकोळ की मोठं, हे साहेबांनी ठरवायचं. आकडा अहवालात आहे. ‘सुदैवाने कोणाला इजा नाही’ यातलं ‘सुदैवाने’ही काढा. त्या एका शब्दातून, काळजी घेतली नव्हती पण वाचलो, असा अर्थ निघतो.

‘पंखा बंद आहे’ हे मत नाही, सध्याची स्थिती आहे. ‘परवानगी हवी’ हेही मत नाही, ती मागणी आहे. मॅनेजरला काही ठरवायचं असेल तर ते मेलमध्ये सांगायलाच हवं, नाहीतर तो फाइल उघडेपर्यंत पंखा कोणीतरी चालू करेल. तपासणी बाकी आहे हेही सांगायचं, कारण अपुरा अहवाल पूर्ण समजला गेला तर तोही घोळच.

सगळ्यात फसवी चूक वेगळी आहे. आपण आपला शब्द घालत नाही, पण अहवालातलं एकच वाक्य उचलून मेलमध्ये चिकटवतो. ‘हमाल त्याच वेळी बाहेरून आत आला होता’, हे वाक्य खरं आहे, अहवालातलंच आहे. तेवढंच मेलमध्ये टाकलं असतं तरी त्या माणसाची नोकरी गेली असती. कारण आणि माणसांबद्दलचं काहीही उचलायचं नाही. ते दोन पानांत जिथे आहे तिथेच वाचलं जाऊ दे.

मग तुमचं मत असेल तर? असावंच. पेटी उघडल्यावर, आपल्या नावाने, वेगळी टिप्पणी लिहा आणि कशावरून म्हणता ते त्यात मांडा. पहिल्या मेलमध्ये नको.

आणि पाठवायच्या आधी खाली सरकवून बघा. फॉरवर्ड करताना आधीची सगळी साखळी बरोबर जाते. कोणीतरी रात्री तीनला रागाच्या भरात ‘हे लोक ऐकतच नाहीत’ असं लिहिलेलं असतं, ते तुमच्या स्वच्छ चार ओळींखाली साहेबांपर्यंत पोहोचतं. नवीन मेल काढा, फाइल नव्याने जोडा, ती सही झालेलीच प्रत आहे का ते उघडून पाहा.

वेळ संपली. त्या पाळीप्रमुखाच्या अहवालाची प्रत मी आणली आहे, नावं झाकून. दाराजवळच्या टेबलावर ठेवतो, जाताना कारणाचा रकाना तेवढा वाचून जा.