डब्याचं नाव आधी फोनवर उच्चारून बघा

(रत्नागिरीत बचत गटाच्या बैठकीत केलेल्या भाषणाचं संपादित रूप)

मी पाट्या रंगवतो, त्यामुळे नावं रोज हाताखालून जातात. परवा मारुती मंदिराजवळच्या एक ताई आल्या. ऑफिसवाल्यांसाठी डबे सुरू करायचे होते. नाव ठरवूनच आल्या होत्या : 'घरगुती चविष्ट डबा'.

मी म्हटलं, ताई, हे नाव नाही, हे जेवणाचं वर्णन झालं. उद्या शेजारचीही तेच लिहील आणि तुम्हाला तिला अडवता येणार नाही. ट्रेडमार्कचा १९९९ चा कायदाही हेच सांगतो : मालाचा गुण सांगणारे नुसते शब्द सहसा एकट्याच्या नावावर नोंदवून मिळत नाहीत.

मग त्यांनी देवाचं नाव सुचवलं. त्या बुधवार-शुक्रवार बांगड्याचं तिखलं देणार होत्या. म्हटलं, देवाच्या नावाच्या डब्यात मासळी असली की काहींना ते खटकतं, आणि ज्यांना मासळीच हवी ते डबा शाकाहारी समजून फोनच करत नाहीत.

वेळेचं वचन द्यायचं म्हणून 'सव्वाबारा' मलाच सुचलं होतं. पण मोठ्याने म्हटल्यावर लक्षात आलं, एक दिवस पावसात गाडी अडकली की ऑफिसात म्हणणार, 'आज जेवणाचे बारा वाजले'. नावात वेळ घातली की एका उशिरानेही नावच खोटं पडतं. वेळ नावाखाली बारीक अक्षरात लिहावी, म्हणजे मार्ग बदलला तर ती बदलता येते.

शेवटी 'माजघर' निघालं. आपल्याकडे परका माणूस ओटीवर, पडवीत बसतो. माजघरात पान मांडलं जातं ते आपल्या माणसाचं. 'घरगुती' हा शब्द न लिहिताही सगळं सांगून होतं. मी ताईंना दोन गोष्टी करायला लावल्या. एक, फोनवर 'माजघरमधून बोलतेय' म्हणून बघा, समोरच्याने 'काय?' विचारलं तर नाव पडलं. दुसरी, डबा पोचवणाऱ्या मुलाला गेटवर 'माजघरचा डबा' अशी हाक मारायला सांगा. हाक सहज तोंडात बसली.

पाटीसाठी रंग मात्र मी अजून बाहेर काढला नाही. आधी ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर वर्ग ४३ मध्ये शोध घ्यायला सांगितलं. खाणं-पिणं पुरवण्याच्या सेवा त्या वर्गात येतात. हा शोध फुकट असतो. तिथे नुसतं तेच स्पेलिंग बघायचं नाही, सारखं ऐकू येणारं नावही बघायचं. तसं कुणाचं निघालं तर 'माजघर'च्या मागेपुढे गावाचं नाव जोडून भागत नाही, दुसरं नाव शोधावं लागतं. शोध झाला की त्याच नावाने अन्न परवान्याची नोंदणी करायची. पाटीवर एक नाव आणि कागदावर दुसरं असं झालं की बिल मागणारं ऑफिस पहिल्याच महिन्यात अडवतं.

ताई शोध घेऊन सोमवारी येणार आहेत. तोवर पाटी कोरी ठेवली आहे.