पंच्याण्णव की एकशे एकोणपन्नास?

कार्यक्रमपत्रिकेत माझा विषय ‘वाहतूक, सूक्ष्म धूलिकण आणि हृदय’ असा छापला आहे. हृदयापर्यंत मी पोचणार आहे, काळजी नसावी. पुण्यात कुठेही पोचायला वेळ लागतोच. पण त्याआधी आमच्या सोसायटीतलं एक भांडण तुम्हाला ऐकावं लागेल. गेले कित्येक महिने ते मी मनात घेऊन फिरतोय, आणि घरी आता कुणी ऐकून घेत नाही.

आमच्याकडे ज्येष्ठांचा एक सकाळी फिरायला जाणारा गट आहे. एका हिवाळी सकाळी सेक्रेटरींनी ग्रुपवर टाकलं, ‘आजचा एक्यूआय ९५. समाधानकारक. सर्वांनी यावे.’ दोन मिनिटांत वरच्या मजल्यावरच्या काकांचा मेसेज आला, ‘९५ नाही, १४९. दमेकऱ्यांनी घरीच थांबावे.’ काकांची मुलगी न्यू जर्सीत असते, तिनं त्यांना तिकडचं अ‍ॅप घालून दिलंय. मग जे व्हायचं तेच झालं. सेक्रेटरी म्हणाले, अमेरिकेला आपली हवा काय कळते! काका म्हणाले, सरकारी आकडा आहे, कमीच असणार. कुणीतरी मधेच पार्किंगचा विषय काढला, तो आमच्याकडे कुठल्याही चर्चेत निघतोच. शेवटी ‘सर केमिस्ट्री शिकवायचे, त्यांना विचारा’ असं ठरलं आणि निवाडा माझ्याकडे आला.

निवाडा असा, की दोघंही बरोबर होते. शिवाय दोघांची हवा तीच होती, हवा मोजणारं केंद्रही तेच होतं. यावर दोघंही माझ्यावर रागावले.

हिशेब सांगतो, सोपा आहे. एक्यूआय म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक. आपला राष्ट्रीय निर्देशांक २०१५ साली सुरू झाला. त्यात आठ प्रदूषकं आहेत, पण निदान तिघांची मोजणी असली तरी आकडा काढता येतो. अट एवढीच, की त्यात पीएम १० किंवा पीएम २.५ यांपैकी एक हवं आणि चोवीसपैकी किमान सोळा तासांची नोंद हवी. प्रत्येक प्रदूषकासाठी पट्टे ठरलेले आहेत. पीएम १० म्हणजे दहा मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण, पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक. पीएम २.५ घनमीटरमागे ३० मायक्रोग्रॅमपर्यंत असतील तर निर्देशांक ५० पर्यंत, ६० पर्यंत असतील तर १०० पर्यंत, ९० पर्यंत असतील तर २०० पर्यंत. पट्ट्याच्या आत सरळ त्रैराशिक.

त्या दिवशीचे आकडे जवळपास असे होते : पीएम २.५ पंचावन्न, पीएम १० पंच्याण्णव, नायट्रोजन डायऑक्साइड साठ. पंचावन्न हा आकडा तीस ते साठच्या पट्ट्यात येतो. तिसाच्या वर पंचवीस, पट्टा तिसाचा, आणि त्याला मिळालेली निर्देशांकाची जागा पन्नासची. पंचवीस गुणिले पन्नास भागिले तीस, म्हणजे साधारण बेचाळीस. त्यात खालचे पन्नास मिळवले की ब्याण्णव. पीएम १० साठी आपल्याकडे शंभरपर्यंत आकडा आणि निर्देशांक सारखाच चालतो, म्हणून ९५. नायट्रोजन डायऑक्साइडचे येतात ७५.

आता या तिघांची सरासरी काढायची नाही, बेरीजही नाही. एकेका प्रदूषकाचा असा निघालेला आकडा म्हणजे त्याचा उपनिर्देशांक, आणि सगळ्यात मोठा उपनिर्देशांक तोच त्या दिवसाचा एक्यूआय. एका विषयात नापास झालात की बाकीचे मार्क कुणी विचारत नाही, तसंच. म्हणून ९५, आणि मुख्य प्रदूषक पीएम १०.

अमेरिकेनं २०२४ मध्ये आपले पट्टे आणखी आवळले. तिथे पीएम २.५ नऊपर्यंत असलं तरच हवा ‘चांगली’. आपल्याकडे तीसपर्यंत. तिथे ३५.५ ते ५५.४ या पट्ट्याला १०१ ते १५० ही जागा दिली आहे, म्हणून आपले पंचावन्न तिथे १४९ होतात, ‘संवेदनशील व्यक्तींना अपायकारक’. आणि गंमत पुढेच आहे. पीएम १० चे ९५ तिकडे फक्त ७१ ठरतात. म्हणजे त्याच हवेत आपल्या पाटीवर जाड धूळ पहिली आली आणि तिकडच्या पाटीवर बारीक कण. आपल्या पाटीवर पीएम १० चं नाव वाचून माणूस म्हणतो, रस्त्याची धूळ आहे, नाकातच अडकेल. बारीक कण ब्याण्णववर आहेत, हे त्याला दिसतच नाही.

(संयोजकांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं. धन्यवाद, मला वाटलं चहाची असेल.)

तर मुद्दा सोडवतो. पंचावन्न ही चोवीस तासांची सरासरी आहे. समजा बावीस तास हवेत ४५ होते आणि संध्याकाळच्या कोंडीचे दोन तास १६५. बावीस गुणिले पंचेचाळीस म्हणजे ९९०, दोन गुणिले एकशे पासष्ट म्हणजे ३३०. बेरीज १३२०, भागिले चोवीस, बरोबर ५५. पाटीवर आकडा दर तासाला बदलतो, पण तो बदलतो मागच्या चोवीस तासांची सरासरी म्हणून. सिग्नलला बसच्या मागे स्कूटरवर उभ्या असलेल्या बाईला ते १६५ मिळतात. पाटी तिलाही ‘समाधानकारक’ सांगते. शिवाय केंद्र बहुतेक वेळा चौकापासून लांब, एखाद्या आवारात किंवा गच्चीवर असतं. ते शहराची हवा मोजायला बसवलेलं असतं, तुमच्या नाकासमोरची नव्हे.

आता हृदय, पाच मिनिटांत.

पीएम २.५ हा एक पदार्थ नाही. त्यात डिझेलची काजळी असते, ब्रेक आणि टायर झिजून निघालेले कण असतात, कचरा जाळल्याचा धूर असतो, आणि वायूंपासून हवेतच तयार झालेले सल्फेट-नायट्रेटही असतात. हे कण नाक-घसा ओलांडून वायुकोशांपर्यंत जातात. तिथे दाह होतो, त्याचे रासायनिक संदेश रक्तात उतरतात, रक्त गोठण्याकडे झुकतं, रक्तवाहिन्या आखडतात. सर्वांत बारीक कणांपैकी काही स्वतःच रक्तात शिरतात. म्हणूनच खोकला नसलेल्या माणसालाही झटका येऊ शकतो. जर्मनीत ऑग्सबर्ग परिसरात हृदयविकाराचा झटका येऊन वाचलेल्यांना विचारलं, की झटक्याआधी तुम्ही कुठे होता. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की वाहतुकीत असल्यानंतरच्या तासाभरात झटक्याची शक्यता जवळपास तिप्पट होती. त्यात गाड्या होत्या, बस होत्या, सायकलीही होत्या. ताण आणि गोंगाट यांचाही वाटा असणार, सगळं कणांवर ढकलता येत नाही.

आपल्याकडचा अभ्यास २०२४ चा. दहा शहरं, त्यात मुंबई आणि पुणेही होती. पीएम २.५ दहा मायक्रोग्रॅमनं वाढलं की रोजचे मृत्यू सुमारे १.४ टक्क्यांनी वाढतात, असं त्यात दिसलं. मग त्यांनी फक्त साठच्या खालचे, म्हणजे आपल्या मानकात बसणारे दिवस घेतले. तेव्हा वाढ २.७ टक्के निघाली. कमी प्रदूषणात आलेख जास्त चढा आहे. म्हणून दिल्लीत साडेतीनशेवर दहा वाढले त्यापेक्षा आपल्याकडे तिसावर दहा वाढणं टक्केवारीत अधिक जड पडतं. जागतिक आरोग्य संघटनेची चोवीस तासांची मर्यादा १५ आहे. आपला ‘समाधानकारक’ पट्टा ६० ला संपतो, बरोबर चौपट.

ते बाक वाजवताहेत, कळलं. शेवटचं : अ‍ॅपमध्ये एक्यूआयवर बोट ठेवलं की खाली प्रत्येक प्रदूषकाचा आकडा दिसतो. तो मायक्रोग्रॅममध्ये आहे की उपनिर्देशांक आहे हे आधी बघा, कारण काही ठिकाणी उपनिर्देशांकच पीएम २.५ च्या नावानं दाखवतात, आणि आमच्या काकांचं त्यावरून दुसरं भांडण सध्या चालू आहे. ओढणी किंवा रुमालानं बारीक कण अडत नाहीत. एन-९५ नं अडतात, पण कडेनं हवा जात नसेल तरच, म्हणजे दाढीवाल्यांनी विचार करावा. प्रश्न बाहेर चहाच्या टेबलापाशी घेतो.