औषधावर कर, तिकिटाला माफी : रॅम्झीचा हिशेब

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय 'कार्यक्षमता आणि न्याय यांचा मेळ'. मेळापर्यंत आपण पोहोचू की नाही हे अध्यक्षांच्या हातातल्या घड्याळावर आहे. आधी भांडण नीट समजून घेऊ.

फ्रँक रॅम्झी हा केंब्रिजचा गणितज्ञ. आर्थर पिगू हे तिथले अर्थशास्त्राचे मोठे प्राध्यापक. त्यांनी याला एक प्रश्न घातला : सरकारला ठरावीक रक्कम हवी आहे, ती वस्तूंवर कर लावूनच जमवायची आहे, तर कुठल्या वस्तूवर किती कर लावावा म्हणजे लोकांचं कमीत कमी नुकसान होईल? रॅम्झीचं उत्तर 1927 साली 'इकॉनॉमिक जर्नल'मध्ये छापून आलं. तेव्हा तो 24 वर्षांचा होता आणि 1930 मध्ये, सत्ताविसावं पुरं व्हायच्या आत, गेलासुद्धा. त्याच्या त्या लेखाकडे पुढे कित्येक वर्षं फारसं कुणी वळूनही पाहिलं नाही. अर्थात तो लेख वाचायला घेतलात तर का पाहिलं नाही ते पहिल्या दोन पानांतच कळेल!

आता 'नुकसान' म्हणजे काय? इथे बहुतेकांची गल्लत होते. तुम्ही कर भरलात तर तुमच्या खिशातून पैसा गेला, पण तो तिजोरीत आला. समाजाच्या हिशेबात तो हरवलेला नाही. हरवतं ते वेगळंच. समजा, नाटकाचं तिकीट 10 नाण्यांना आहे आणि खेळ करायला खर्चही माणशी तेवढाच येतो. एक गृहस्थ साडेदहापर्यंत द्यायला तयार आहेत. सरकारने एक नाणं कर लावला, तिकीट 11 झालं, गृहस्थ घरी गेले. त्यांना नाटक मिळालं नाही, नाटकवाल्याला प्रेक्षक मिळाला नाही आणि तिजोरीत छदामही आला नाही. त्यांच्या आनंदातलं ते अर्धं नाणं कुणाच्याच पदरात पडलं नाही. कराचं खरं नुकसान हे, न झालेल्या खरेदीचं.

आता आकडे घेऊ, घाबरू नका, बेरीज-गुणाकारच आहे. दोन वस्तू : औषध आणि नाटकाचं तिकीट. दोन्ही 10 नाण्यांना, दोन्हींचा खप शंभर-शंभर. किंमत 10 टक्के वाढली तर औषधाचा खप फक्त 2 टक्क्यांनी घटतो, तिकिटांचा 20 टक्क्यांनी. म्हणजे औषधाची मागणी कमी लवचीक, तिकिटाची जास्त. दोन्हींवर सारखा, एकेक नाणं कर लावला. औषधं 98 खपली, तिकिटं 80. तिजोरीत 178 नाणी आली. घरी परतलेल्यांपैकी कुणाचं जवळजवळ पूर्ण नाणं बुडालं, कुणाचं जेमतेम काही. सरासरी अर्धं धरा. औषधाकडचे 2 आणि तिकिटाकडचे 20, म्हणजे एकूण नुकसान 11.

रॅम्झी म्हणतो, तेवढेच 178 जमवा, पण कराचे दर असे ठेवा की दोन्ही वस्तूंचा *खप* सारख्याच प्रमाणात घटेल. नियम खपाचा आहे, दराचा नाही. हे अधोरेखित करा. हिशेब केला तर औषधावर कर येतो सुमारे 1.67 नाणी आणि तिकिटावर 0.17. दोन्हींचा खप साधारण 3.35 टक्क्यांनी घटतो. तिजोरीत तेच 178 आणि नुकसान 11 वरून 3 वर. गणित म्हणून सुंदरच आहे. आणि माणूस म्हणून पाहिलं तर आजाऱ्यावर नाटक बघणाऱ्याच्या दहापट कर.

इथे मला माझं एक जुनं दुखणं काढू द्या. वस्तू सुटत नसेल तर तिच्यावर कर वाढवा, एवढं एक वाक्य पाठ करून मंडळी ते रॅम्झीच्या नावावर खपवतात. एका चर्चासत्रात एका वक्त्याने तंबाखूवरच्या कराचं समर्थन रॅम्झीच्या आधाराने केलं आणि दोनच मिनिटांत म्हणाला, 'यामुळे तंबाखूचा खप झपाट्याने उतरेल.' अहो, खप झपाट्याने उतरणार असेल तर रॅम्झीच्या हिशेबात ती वस्तू कराला वाईट! लोकांना एखाद्या गोष्टीपासून परावृत्त करण्यासाठी लावलेला कर ही पिगूंची कल्पना. रॅम्झीला उलट हवंय, कर लागूनही लोकांनी होता होईल तो तेच करत राहावं. दोघांची अशी अदलाबदल झालेली बघून मी प्रश्न विचारायला हात वर केला, तर चहाची वेळ झाली. चर्चासत्रांत चहाची मागणी अजिबात लवचीक नसते. त्यावर कर लावायला हवा होता.

आणि ते पाठ केलेलं वाक्यही अर्धवटच. एका वस्तूची किंमत वाढली की लोक दुसरीकडे वळत नाहीत, असं धरलं तरच ते चालतं. चहा-कॉफीसारख्या जोड्या आल्या की नुसती एकेका वस्तूची लवचीकता पाहून भागत नाही.

(अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. सात मिनिटं. बरं.)

तर न्याय. वरच्या उदाहरणात दोन घरं धरा, एक गरीब, एक श्रीमंत. औषधं दोघांत निम्मी-निम्मी, तिकिटं सगळी श्रीमंताची. सारख्या करात गरीब 49 नाणी भरत होता आणि श्रीमंत 129. रॅम्झीच्या करात गरीब 81 भरतो, श्रीमंत 97. आठ नाण्यांचं नुकसान वाचलं खरं, पण गरिबावर 32 नाण्यांचं ओझं वाढलं. रॅम्झीला हे दिसलं नाही असं नाही. गरिबाचं नाणं आणि श्रीमंताचं नाणं यांतला फरक मी विचारातच घेत नाही, हे त्याने लेखाच्या सुरुवातीलाच सांगून टाकलंय. लोक नियम उचलतात आणि ती अट तिथेच सोडतात.

मग मेळ कसा? पीटर डायमंड आणि जेम्स मिरलीस यांनी 1971 मध्ये हा प्रश्न पुन्हा हातात घेतला आणि 1975 मध्ये डायमंडने अनेक माणसांच्या समाजासाठी नियम मांडला. जी वस्तू मुख्यतः गरजूंच्या घरात जाते, तिचा खप इतरांपेक्षा कमी घटू द्यावा. आता गरिबाचं एक नाणं किती मोलाचं, ते तुम्हाला आधी ठरवावं लागतं. दुप्पट म्हणालात तर आपल्या उदाहरणात रॅम्झीचा कर हरतो, कारण त्या 32 नाण्यांपायी 32 चा जादा तोटा धरावा लागतो आणि वाचली फक्त आठ. सव्वापट म्हणालात तर दोन्ही कर जवळपास बरोबरीत येतात. हा आकडा गणितातून निघत नाही. तो कुणीतरी बाहेरून घालायचा असतो, आणि अर्थशास्त्रज्ञ तो घालताना फार हळू आवाजात बोलतात.

दोन मिनिटं उरलीत, म्हणून शेवटचं धावत सांगतो. टोनी अॅटकिन्सन आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांनी 1976 मध्ये दाखवलं की सरकारकडे उत्पन्नावर चढत्या दराचा, हवा तसा बेतता येणारा कर असेल, आणि कोण किती तास काम करतो यावर त्याची वस्तूंमधली निवड अवलंबून नसेल, तर वस्तूंवर वेगवेगळे दर लावायचं कारणच उरत नाही. गरिबाला दिलासा उत्पन्नाच्या बाजूने द्या, वस्तूंना सारखं वागवा. पण ज्या सरकारला बहुतेकांचं उत्पन्न मोजताच येत नाही, त्याच्या हातात वस्तूंवरचा करच राहतो, आणि मग औषध की तिकीट हा प्रश्न पुन्हा समोर येतो. त्याचं माझं उत्तर असं : औषधावरचा दर तिकिटापेक्षा जास्त नकोच, मग नुकसान 3 च्या जागी 11 झालं तरी चालेल. तुमचं उत्तर वेगळं असेल तर आधी गरिबाच्या नाण्याचं मोल किती धरलंत ते सांगा, मग भांडू. अध्यक्ष उठले आहेत. प्रश्न विचारा.