नवव्या घरातला राहू आणि आखाजीची घागर

[दृश्य : अमळनेर तालुक्यातलं एक गाव. ओसरीवर उघडी ठेवलेली हाताने काढलेली पत्रिका. कॅमेरा हळूहळू उजव्या बाजूच्या खालच्या त्रिकोणाकडे जातो.]

निवेदन :
पत्रिकेतला हा उजवीकडचा खालचा त्रिकोण म्हणजे नववं घर. यालाच भाग्यस्थान म्हणतात. धर्म, गुरू, तीर्थयात्रा, दैव हे सगळं इथून पाहायचं असं शास्त्र सांगतं. वडीलही इथून पाहायचे, असं काही ज्योतिषी मानतात. काही जण वडिलांसाठी दहावं घर धरतात. वडील आले की आजोबा येतात, पणजोबा येतात, आणि मग येतो तो शब्द, जो ऐकला की घरातल्या बायकांचे चेहरे उतरतात. पितृदोष.

जी पत्रिका तुम्ही पाहताय ती कोणा एका माणसाची नाही. समजावून सांगण्यासाठी आम्ही ती मांडली आहे. पण ग्रह खरे आहेत. 26 ऑक्टोबर 1995, दुपारी सव्वातीन, अमळनेर. त्याच आठवड्यात दिवाळी होती, आणि दोनच दिवस आधी, 24 तारखेला, खग्रास सूर्यग्रहण होऊन गेलं होतं. या वेळेला जन्मलेल्या मुलाचं लग्न कुंभ येतं. पत्रिकेतलं लग्न म्हणजे जन्माच्या क्षणी पूर्वेला उगवत असलेली रास. कुंभेपासून मोजत गेलं की नववी रास तूळ. आणि तुळेत त्या दिवशी कोण होतं? सूर्य आणि राहू, दोघंही.

[दृश्य : नवव्या घरात ‘र’ आणि ‘रा’ ही अक्षरं ठळक होतात.]

सूर्य हा पित्याचा कारक. तूळ ही त्याची नीच रास, म्हणजे जिथे तो सगळ्यात दुबळा मानतात ती. वर राहूची युती, आणि तीही भाग्यस्थानात. पितृदोषाची उदाहरणं शिकवायची तर याहून चांगली पत्रिका शोधून सापडणार नाही. मुलगा आता तिशीचा. लग्न जमत नाही. आईवडील पत्रिका घेऊन जातात आणि दहा मिनिटांत निदान होतं : पितर अतृप्त आहेत, म्हणून अडलंय. त्र्यंबकेश्वरला जा, नारायण नागबली करा, तीन दिवसांचा विधी आहे.

आम्ही हीच पत्रिका जरा निवांत वाचणार आहोत. आणि आधी ज्योतिषाच्याच नियमांनी.

नवव्या घरात आणखी एक अक्षर आहे, ‘शु’. शुक्र. तूळ ही शुक्राची स्वतःची रास. म्हणजे भाग्यस्थानाचा मालक भाग्यस्थानातच, स्वगृही बसलेला. शिवाय कुंभ लग्नाला शुक्र चौथ्या आणि नवव्या, अशा दोन्ही घरांचा स्वामी होतो, म्हणून त्याला योगकारक म्हणतात, म्हणजे या पत्रिकेतला सगळ्यात हितकारक ग्रह. याच घराकडे बोट दाखवून दुसरा ज्योतिषी म्हणेल, ‘काय भाग्यवान मुलगा आहे!’ आणि त्याचंही शास्त्राला धरूनच असेल. आईवडिलांच्या कानावर यातलं कोणतं वाक्य पडतं, ते त्या दिवशी ते कोणाच्या दारात गेले यावर ठरतं.

आता ग्रंथात काय आहे ते पाहू. पितरांच्या शापाबद्दल ज्योतिषी ज्याचा हवाला देतात तो मुख्य ग्रंथ म्हणजे बृहत्पाराशर होराशास्त्र. त्यात पूर्वजन्मीच्या शापांचा एक अध्याय आहे. सर्पाचा शाप, पित्याचा, आईचा, भावाचा, मामाचा, पत्नीचा असे प्रकार सांगितलेत. पण तो सगळा अध्याय एकाच प्रश्नाभोवती फिरतो : मूल का होत नाही? म्हणून पितृशाप पाहताना तिथे पहिली नजर पाचव्या घरावर, पुत्रस्थानावर जाते. एक योग असा : पाचव्या घरात नीचेचा सूर्य, तो शनीच्या नवांशात, म्हणजे राशीच्या नऊ भागांपैकी शनीच्या भागात, आणि दोन्ही बाजूंना पापग्रह. नीचेचा सूर्य पाचव्या घरात यायचा तर लग्न मिथुनच हवं. आपल्या मुलाचं लग्न कुंभ आहे, त्यामुळे हा योग त्याला लागूच होत नाही. लग्न लांबणं, धंदा बसणं, केळीवर रोग पडणं, भावाभावांत बांधावरून तंटा होणं, या सगळ्याला एकच नाव लावायची चाल या अध्यायातली नाही. ती नंतर वाढत गेली.

[दृश्य : जुनी भिंत, तिच्यावर टांगलेलं कॅलेंडर. पानं उलटतात.]

आता थोडी मोजणी. फार अवघड नाही.

त्या वर्षी सूर्य आणि राहू तुळेत एकत्र होते ते काही एक-दोन दिवस नाही. 18 ऑक्टोबरपासून 16 नोव्हेंबरपर्यंत, जवळजवळ महिनाभर. त्या महिन्यात जगात जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या पत्रिकेत नीचेचा सूर्य राहूबरोबर आहे. दरवर्षी असा एक महिना राहूबरोबर जातो, एक केतूबरोबर. म्हणजे बारातल्या दोघांना हा दोष ठरलेलाच. राहू किंवा केतू नवव्या घरात असणं, हेही बारातल्या दोघांना. सूर्य-शनी युती बारातल्या एकाला. शनी स्वतः नवव्या घरात किंवा त्याची दृष्टी नवव्यावर, हे बारातल्या चौघांना. यातला कोणताही एक नियम लागला की पितृदोष, असं धरलं तर ढोबळ हिशेबाने शंभरातले अठ्ठावन्न लोक दोषी निघतात. त्यात ‘नवमेश, म्हणजे नवव्या घराचा मालक, सहाव्या, आठव्या किंवा बाराव्या घरात’ हा आणखी एक नियम घातला की आकडा अडुसष्टच्या आसपास जातो.

गावातल्या दर तीन घरांतल्या दोघांवर पितर नाराज आहेत, असं म्हणण्यासारखं हे आहे. मग ज्याचं लग्न बावीसाव्या वर्षी थाटात झालं, त्याच्या पत्रिकेतही हाच दोष असणार. त्याची पत्रिका कोणी उघडत नाही, एवढंच.

कडक नियम लावणारे ज्योतिषीही आहेत, हे सांगायला हवं. ते म्हणतात, सूर्याबरोबर राहू-केतू हवा आणि तो नवव्यातच हवा. तेव्हा बहात्तरांत एक पत्रिका निघते. आपला मुलगा या एकात बसतो. पण तो तिथे बसतो तो जन्मवेळेच्या भरवशावर.

[दृश्य : आई चुलीजवळ. चहाचं पातेलं.]

त्या दिवशी अमळनेरात कुंभ लग्न होतं ते दुपारी साधारण अडीच ते चार. दोन वाजता जन्म असेल तर लग्न मकर, आणि तोच सूर्य, तोच राहू दहाव्या घरात. सव्वाचारला असेल तर लग्न मीन, आणि दोघं आठव्यात. नवव्या घरात ना सूर्य, ना राहू. घरी बाळंतपण झालेलं असेल, आणि ‘दुपारचा चहा ठेवला होता तेव्हा झाला’ एवढीच नोंद असेल, तर आजोबा-पणजोबांची नाराजी त्या चहाच्या वेळेवर अवलंबून राहते. म्हणून पत्रिका दाखवताना पहिला प्रश्न आपणच विचारायचा : ही वेळ आली कुठून? दवाखान्याच्या कागदावरून, की कोणाच्या आठवणीतून? आणि दुसरा : तासभर मागेपुढे झालं तर तुमचं निदान टिकेल का? सरळ माणूस या प्रश्नावर चिडत नाही.

पत्रिका वाचून माणसाची स्थिती ओळखता येते का, याची एक चाचणी महाराष्ट्रातच झाली आहे. 2008 साली जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात ती घेतली. हुशार मुलांच्या शंभर पत्रिका आणि मतिमंद मुलांच्या शंभर. 27 ज्योतिषांना प्रत्येकी 40 पत्रिका देऊन विचारलं, यातली कोणती कोणाची? बरोबर उत्तरांची सरासरी 46 टक्के आली. नाणं उडवलं असतं तरी पन्नासच्या आसपास आली असती. ही चाचणी पितृदोषाची नव्हती, हे खरं. पण मूल मतिमंद आहे की हुशार, इतका मोठा फरक ज्या कागदावरून दिसला नाही, त्यावरून पणजोबांच्या मनातलं दिसतं म्हणणं धाडसाचंच.

[दृश्य : गावाची शाळा. सुटी झाल्यावर बाहेर पडणारी मुलं.]

मग या मुलाचं लग्न का अडलंय?

2001 च्या जनगणनेच्या वेळी तो पाच वर्षांचा होता. त्या वर्षी जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली होत्या 880. दहा वर्षांनी, 2011 मध्ये, 842. त्याच्या वर्गात, त्याच्या जातीत, त्याच्या पंचक्रोशीत मुली मुळातच कमी जन्मल्या, किंवा जन्मू दिल्या नाहीत. ज्या आहेत त्यांना नोकरीवाला हवा, पुण्या-नाशकात राहणारा हवा. पाच एकर कपाशीवाला नको. मागच्या पिढीचं पाप पुढच्या पिढीला भोवतं असं म्हणायचंच असेल, तर ते या आकड्यात आहे. आणि ते करणारे अजून पितर झालेले नाहीत. ओसरीवरच बसलेत.

[दृश्य : आखाजीचा दिवस. मातीची घागर, तिच्यावर खरबूज, सांजोऱ्या.]

आजी मात्र पत्रिकेकडे बघतही नाही.

आजी : ‘आम्ही सालेसाल घागर भरतस. मंग पितर कसाले रागवतीन?’

खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. पुरणपोळी, आमरस, सांजोऱ्या करतात. सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात, झोके बांधतात. भाद्रपदात तिथीला पुन्हा पितरांचं जेवण होतं. यातलं काहीही पत्रिकेत बघून ठरत नाही. कुंडलीत राहू कुठेही असो, घागर भरायचीच. पितरांची आठवण ठेवणं ही इथे सगळ्यांची रीत आहे, कोणा एका घराला झालेली शिक्षा नाही.

त्र्यंबकेश्वरच्या विधींचंही मुळात तसंच आहे. त्रिपिंडी श्राद्ध कोणासाठी? ज्यांच्या घरात सलग काही वर्षं श्राद्ध राहून गेलं, त्यांच्यासाठी. नारायणबली कोणासाठी? घरातलं कोणी अपघातात, पुरात, आत्महत्येत, अशा अकाली मृत्यूने गेलं असेल, त्यांच्यासाठी. नागबली नागाची हत्या घडली असेल तर. तिन्हींची कारणं घडलेल्या गोष्टींत आहेत, आणि त्या घडल्या की नाही हे घरातली म्हातारी माणसं ज्योतिषापेक्षा चांगलं सांगतील.

म्हणून गुरुजींना विचारायचं ते इतकंच : आमच्या घरात नेमकं काय घडलंय म्हणून हा विधी? उत्तर फक्त ‘नवव्यात राहू आहे’ असं आलं, आणि त्याबरोबर ‘या अमावास्येच्या आत करा, नाहीतर…’ असं आलं, तर विडासुपारी घेऊन घरी यावं. आणि समजा खरंच एखादा चुलत आजोबा तापीच्या पुरात गेला होता, त्याचे दिवसही नीट घातले गेले नव्हते, आणि घरच्यांना ते इतकी वर्षं टोचतंय, तर करावा विधी, आपल्या ऐपतीत, कर्ज न काढता. त्याच्या नावाने करावा. मुलाच्या लग्नासाठी मात्र स्थळं वेगळी बघावी लागतील, आणि पत्रिका जुळवायचा हट्ट थोडा सोडला तर ती जास्त मिळतील.