क्लिपला परतीची वाट

(वेबिनारची रेकॉर्डिंग सांभाळणाऱ्या कार्यकर्त्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. लांब वेबिनारमधून छोटी क्लिप कापली की तिच्यासोबत कोणती माहिती जायला हवी, एवढ्याच विषयावर आज बोलायचं आहे. एकच क्लिप घेऊन बोलतो, कारण तिने मला बरंच शिकवलं.

डाळिंबाच्या आंबे बहारावर आम्ही डिसेंबरात एक वेबिनार घेतला होता. रेकॉर्डिंग १ तास ५२ मिनिटांचं. त्यातलं ५० सेकंदांचं एक उत्तर आम्ही कापलं. तज्ज्ञ त्यात सांगतात, "अजून आठवडाभर पाणी सोडू नका, झाडाला नीट ताण बसू द्या." आवाज स्वच्छ, वाक्य ठसठशीत. शीर्षक दिलं, "डाळिंबाला ताण किती द्यावा?" क्लिप भराभर पसरली. चार दिवसांनी एका शेतकऱ्याचा फोन आला. त्यांची जमीन हलकी, मुरमाड. पानं पिवळी पडून गळायला लागली होती, फांद्यांचे शेंडेही वाळायला लागले होते, आणि क्लिप पाहून ते अजून थांबायच्या विचारात होते.

तज्ज्ञांचं काही चुकलं नव्हतं. त्यांना प्रश्न विचारणाऱ्याची जमीन भारी, काळी होती. अशी जमीन ओल धरून ठेवते, म्हणून तिथे ताण बसायला जास्त दिवस लागतात. मुरमाड जमीन लवकर कोरडी होते. हे सगळं प्रश्नात होतं, आणि प्रश्न आम्ही कापून टाकला होता.

म्हणून मी पहिली गोष्ट सांगतो ती परतीच्या जागेची. बहुतेक जण क्लिप जिथून कापली तिथलीच वेळ लिंकमध्ये घालतात. आमची क्लिप मूळ रेकॉर्डिंगच्या १:०६:२५ ला सुरू होते आणि १:०७:१५ ला संपते. पण १:०६:२५ ला नेलं तर माणूस तेच वाक्य पुन्हा ऐकतो आणि निघून जातो. त्याला न्यायला हवं १:०४:१० ला, जिथे प्रश्नकर्ता आपली जमीन, झाडांचं वय आणि पाणी कधी तोडलं ते सांगतो. तेव्हा नोंदवहीत प्रत्येक क्लिपसाठी दोन नव्हे, तीन वेळा हव्यात: क्लिप कुठे सुरू होते, कुठे संपते आणि प्रेक्षकाला परत कुठे न्यायचं. तिसरी वेळ यंत्राला काढता येत नाही. ती संपादकाने ऐकून ठरवायची असते, आणि या कामातला खरा वेळ तिथेच जातो.

शीर्षकातही तीच काळजी हवी. "ताण किती द्यावा?" याऐवजी "भारी जमीन, आंबे बहार: ताण अजून आठवडाभर का?" असं लिहिलं, तर मुरमाड जमिनीचा माणूस आपसूक सावध होतो. शिवाय बोलल्याची तारीख आणि चढवल्याची तारीख वेगळ्या ठेवा. हीच क्लिप कुणी जूनमध्ये पुन्हा चढवली तर खाली जूनची तारीख दिसेल, आणि लोक तो सल्ला मृग बहाराचा समजतील.

आता वेळेचा घोळ. आमच्या थेट प्रक्षेपणाच्या सुरुवातीला "थोड्याच वेळात सुरू करतो आहोत" अशी पाटी साडेसहा मिनिटं होती. क्लिपा प्रसिद्ध झाल्यावर आमच्यापैकी एकाने, चांगल्याच हेतूने, यूट्यूबच्या एडिटरमध्ये तेवढा भाग कापला. व्हिडिओचा पत्ता तोच राहिला, त्यामुळे एकही लिंक तुटली नाही. पण सगळ्या वेळा ३९० सेकंदांनी सरकल्या. आमची लिंक होती `?t=3850`, म्हणजे १:०४:१०. कापलेल्या व्हिडिओत त्या जागी जुन्या रेकॉर्डिंगचं १:१०:४० आलं. उत्तर संपून सव्वातीन मिनिटांहून जास्त वेळ झालेला, आणि तिथे भलत्याच माणसाचा कीडनियंत्रणावरचा प्रश्न चाललेला. लिंक तुटली असती तर कुणीतरी कळवलं असतं. ती चालू होती, म्हणून कुणीच बोललं नाही.

यावर उपाय दोन. आधी मूळ रेकॉर्डिंग कापून घ्या, मगच वेळा मोजा. आणि वेळ कोणत्या रेकॉर्डिंगवर मोजली ते वहीत लिहा. झूमची फाइल रेकॉर्डचं बटण दाबल्यापासून मोजते, यूट्यूबची प्रत प्रक्षेपण सुरू झाल्यापासून; दोन्हींत फरक पडतोच. फरकाचा आकडा वेगळ्या रकान्यात ठेवला तर एका ठिकाणी बदलून सगळ्या क्लिपांच्या वेळा दुरुस्त होतात. आमच्या बाबतीत ३८५० उणे ३९० म्हणजे ३४६०, नवी वेळ ५७:४०.

पण वहीत दुरुस्ती झाली तरी व्हॉट्सॲपवर गेलेली लिंक कशी दुरुस्त करणार? म्हणून यूट्यूबची लिंक थेट देऊ नका. आपल्या संकेतस्थळावरचा छोटा पत्ता द्या आणि तो पुढे वळवा. क्लिपखालचा मजकूर असा असू शकतो:

```
प्रश्नासह पूर्ण उत्तर: https://example.org/k/17
भारी काळी जमीन, आंबे बहार. मूळ चर्चा डिसेंबरातली.
```

तो पत्ता कुठे जातो हे आपल्या हातात राहतं. फक्त तो वळवताना ३०१ नव्हे, ३०२ वापरा. ३०१ म्हणजे कायमचा बदल; ब्राउझर तो लक्षात ठेवतो आणि तुम्ही वेळ दुरुस्त केली तरी जुन्याच जागी नेत राहतो. क्लिपला स्वतःचं पान असेल तर तिथल्या schema.org च्या माहितीत `isPartOf` मध्ये पूर्ण रेकॉर्डिंगचा पत्ता घाला, म्हणजे हा तुकडा कोणत्या व्हिडिओचा भाग आहे ते यंत्रालाही वाचता येईल.

यूट्यूब शॉर्ट्सची गोष्ट निराळी. २०२३ च्या ऑगस्टअखेरपासून शॉर्ट्सच्या डिस्क्रिप्शनमधल्या आणि कमेंटमधल्या लिंकवर टिचकी मारता येत नाही. तिथे स्टुडिओमधून "संबंधित व्हिडिओ" जोडावा लागतो. मात्र त्यात व्हिडिओ निवडता येतो, मिनिट नाही. जवळजवळ दोन तासांच्या रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला आणून सोडलेला माणूस आपला प्रश्न शोधत बसत नाही. त्यामुळे मिनिट चित्रातच लिहावं लागतं.

आणि मला तर वाटतं, चित्रातली ही पट्टी सगळ्याच क्लिपांवर हवी. फाइलच्या पोटात भरलेलं शीर्षक आणि टिप्पणी व्हॉट्सॲपच्या प्रवासात टिकेल यावर विसंबता येत नाही. तिथे व्हिडिओ पुन्हा दाबून लहान केला जातो, घेणाऱ्याच्या फोनवर फाइलचं नाव VID आणि तारखेचं होतं. सोबतचा मजकूर पुढे पाठवताना गळू शकतो. चित्रावर लिहिलेलं तेवढं टिकतं. आम्ही आता तळाशी एक ओळ ठेवतो: "प्रश्न: भारी जमीन, आंबे बहार. पूर्ण चर्चा ५७:४० पासून", आणि पुढे छोटा पत्ता. अक्षर एवढं मोठं की लहान फोन हातभर अंतरावर धरूनही वाचता यावं. वेळ पुन्हा सरकली तर ही ओळ बदलता येत नाही, म्हणून पट्टी घालण्याआधी मूळ व्हिडिओला शेवटची कात्री लागलेली असायला हवी.

तपासायची आमची रीत सांगतो. वेबिनार न पाहिलेल्या एखाद्याला क्लिप व्हॉट्सॲपवर पाठवायची, त्याने ती आणखी एकाला पाठवायची, आणि त्या दुसऱ्या माणसाला विचारायचं, "हा प्रश्न कुणाच्या जमिनीचा होता?" त्याने पट्टी वाचून किंवा लिंक दाबून एका मिनिटात सांगितलं तर क्लिप जाऊ द्यायची. त्या मुरमाड जमिनीवाल्या शेतकऱ्यांना आम्ही दुरुस्त केलेली क्लिप पाठवली तेव्हा ते प्रश्नाशी पोचले, पूर्ण चर्चा ऐकली, आणि तज्ज्ञांशी बोलून घेऊन त्याच संध्याकाळी त्यांनी ठिबक सुरू केलं.