निळी रेघ कुठे उतरते ते बघा

काचेच्या पलीकडे हेडफोन लावून बसलीय ती आमची व्हॉइस आर्टिस्ट, इंग्रजी तिची मातृभाषा. हातातल्या कागदावर फक्त सहा शब्द आहेत, 'आय ओन्ली गेव्ह लूसी द कीज'. हेच वाक्य ती दोनदा म्हणणार आहे, एकही शब्द इकडचा तिकडे न करता. आधी नुसतं ऐका.

(पहिला टेक. दुसरा टेक.)

आता परिस्थिती अशी समजा की घराच्या किल्ल्यांचे दोन जोड होते, एक हिने लूसीला दिला आणि दुसरा टॉमला, आणि लूसीला किल्ल्यांशिवाय दुसरं काहीच दिलं नाही. पहिल्या टेकमध्ये तिने जोर 'कीज'वर टाकला, म्हणजे लूसीला फक्त किल्ल्याच दिल्या, आणि हे खरं आहे. दुसऱ्या टेकमध्ये जोर 'लूसी'वर, म्हणजे किल्ल्या फक्त लूसीलाच दिल्या, आणि हे चक्क खोटं आहे कारण टॉमकडेही एक जोड आहे. शब्द तेच, क्रम तोच, व्याकरणही तेच, तरी एक वाक्य खरं आणि एक खोटं. म्हणून कुणी म्हणालं ना की जोर म्हणजे नुसती बोलण्याची ढब, तर मला ते अजिबात पटत नाही, इथे तो सरळ अर्थच ठरवतोय.

आपल्याला हे चटकन जाणवत नाही कारण मराठीत हे काम आपण शब्दांकडूनच करून घेतो. आत्ता मी वर काय म्हणालो बघा, 'फक्त किल्ल्याच' आणि 'फक्त लूसीलाच', म्हणजे 'फक्त' उचलून हव्या त्या शब्दाजवळ नेलं आणि वर 'च' चिकटवला. इंग्रजीतलं 'ओन्ली' मात्र दोन्ही वेळा 'गेव्ह'च्या आधीच ठाण मांडून बसलंय, ते नक्की कुणाबद्दल बोलतंय हे फक्त आवाज सांगतो.

आता स्क्रीनकडे या. हे सॉफ्टवेअर प्रात, अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बुर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी बनवलेलं, जगभर आवाजाचा अभ्यास करणारे लोक हेच वापरतात आणि फुकट मिळतं. वरचा काळा पट्टा म्हणजे आवाजाची लाट, आणि खालची निळी रेघ म्हणजे पिच, आवाज किती उंच किंवा खाली आहे ते. हा दुसरा टेक, जोर लूसीवर असलेला. रेघ सुरुवातीला मधल्या उंचीवर चालतेय, 'लू'वर उडी मारते, मग एक छोटी गॅप दिसेल, ती रेकॉर्डिंगमधली चूक नाही, 'स' म्हणताना घशातल्या स्वरतंतूंचं कंपन थांबतं म्हणून तिथे पिचच नसतं. गॅपच्या पलीकडे 'सी' येईपर्यंत रेघ घसरलेली आहे, आणि त्यानंतर 'द कीज' म्हणताना ती अगदी तळाशी, जमिनीला टेकल्यासारखी आडवी पडून आहे.

इथे थांबा, हीच जागा मला दाखवायचीय. सगळ्यांचं लक्ष उडीकडे जातं, पण अर्ध्याहून जास्त काम उडीनंतरचा तो सपाट भाग करतो. इंग्रजी ऐकणारा माणूस वाक्यातली शेवटची मोठी उडी शोधत असतो, अभ्यासक तिला न्यूक्लियस म्हणतात, म्हणजे वाक्याचा मुख्य जोर. ती शेवटची आहे हे त्याला कळतं कशावरून, तर तिच्यानंतर काहीच वर येत नाही यावरून.

आता ही तिसरी रेघ बघा, ही माझी आहे. मी 'लूसी' चांगलं ठासून म्हणालोय, आवाजही मोठा केलाय, पण सवयीने 'कीज'वर पण थोडा चढलोय, ते छोटं टेकाड दिसतंय ना. झालं, आर्टिस्टने हे ऐकलं आणि तिच्या कानाला मुख्य जोर 'कीज'वरच वाटला, आधीचं 'लूसी' तिला फक्त उत्साहात बोलल्यासारखं वाटलं. बरं, उच्चार सगळे बरोबर होते. आपल्याला शिकवताना 'व्ही' आणि 'डब्ल्यू'वर तासन्‌तास घालवतात आणि ठासून कसं बोलायचं तेही सांगतात, पण ठासल्यानंतर आवाज खाली ठेवून द्यायचा हे मला तरी शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. सोपी चाचणी आहे, तोंड मिटून अख्खं वाक्य गुणगुणा आणि रेकॉर्ड करून ऐका. शब्द नसले की शेवटची टेकडी लगेच पकडता येते.

मग नेहमीचा, साधा जोर कुठे असतो? बहुतेक वेळा शेवटच्या अर्थपूर्ण शब्दावर, म्हणजे आपल्या वाक्यात 'कीज'वर. नोम चॉम्स्की आणि मॉरिस हॅले या भाषाशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये याचा रीतसर नियम मांडला, आणि १९७२ मध्ये ड्वाइट बोलिंजर या दुसऱ्या भाषाशास्त्रज्ञाने त्यावर आक्षेप घेतला की बोलणाऱ्याच्या मनात काय आहे ते माहीत असल्याशिवाय जोर कुठे पडेल हे सांगता येत नाही. मला बोलिंजर जास्त पटतात. 'द फोन इज रिंगिंग' हे घ्या, फोन अचानक वाजला तर शेवटच्या 'रिंगिंग'वर नाही, 'फोन'वर जोर येतो.

आणि या नेहमीच्या जागेची एक गंमत आहे, तिथला जोर अनेक प्रश्नांना चालतो. लूसीला काय दिलंस, याचं उत्तर म्हणून चालतो आणि तू काय केलंस, याचंही, म्हणजे 'मी फक्त लूसीला किल्ल्या दिल्या, बाकी काही केलं नाही' असाही अर्थ त्याच आवाजात निघतो. तिथे मग संदर्भच बघावा लागतो. जोर 'लूसी'वर सरकवला की मात्र एकच प्रश्न उरतो, कुणाला?

ही लंडन अंडरग्राउंडमधल्या सरकत्या जिन्याजवळची पाटी. 'डॉग्ज मस्ट बी कॅरिड'. 'कॅरिड'वर जोर देऊन वाचलं तर कुत्रा सोबत असेल तर तो उचलून घ्या. 'डॉग्ज'वर जोर देऊन वाचलं तर जिन्यावर चढायचं असेल तर प्रत्येकाच्या हातात कुत्रा पाहिजे. मायकल हॅलिडे या भाषाशास्त्रज्ञाने हे उदाहरण प्रसिद्ध केलं. पाटीला आवाज नसतो, आपण वाचताना मनातल्या मनात जोर भरतो म्हणून ती बरोबर कळते. आणि उलट बाजूने, बोललेला जबाब कागदावर टाइप झाला की 'ओन्ली' कुणाला चिकटलं होतं ते त्यातून निघून जातं.

परत स्टुडिओत. शेवटचा टेक. आम्ही तिला विचारलं, किल्ल्या कुणाकुणाला दिल्यास? आणि सांगितलं की उत्तर देताना जोर मुद्दाम 'कीज'वर ठेव. ती सुरू करते, 'आय ओन्ली गेव्ह', आणि थांबते. पुन्हा. या वेळी 'लूसी'वर आवाज आपोआप वर जातो, ती मान हलवते. तिसऱ्यांदा ती कागदावर 'कीज'खाली पेन्सिलने रेघ मारते, वाचते, आणि हेडफोन काढून आम्हालाच म्हणते, प्रश्न बदला, या प्रश्नाला असं उत्तर तोंडातून निघतच नाहीये.