लग्नाची नोंद आणि स्थलांतरिताची ओळख

परदेशस्थ समाजांवर लिहायचं म्हटलं की आपल्याकडचा विद्यार्थी अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांकडे वळतो. मी आज बेने इस्रायल समाजाबद्दल बोलणार आहे. सात्मीकरण, म्हणजे नव्या समाजात विरघळून जाणं, कुठवर चालतं आणि कुठे अडतं, हे या समाजाच्या अनुभवात फार स्पष्ट दिसतं.

हे आपल्या कोकणातले ज्यू. पेणकर, रोहेकर, दिवेकर ही त्यांची आडनावं गावांवरून आलेली. पूर्वी तेल गाळण्याचा धंदा होता आणि शनिवारी घाणा बंद असायचा, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. घरची भाषा मराठी, आणि बायबलमधल्या कथांवरची कीर्तनंसुद्धा मराठीत. स्वातंत्र्याच्या सुमारास ते वीसेक हजार होते. ज्यू म्हणून त्यांचा इथे छळ झाला नव्हता. तरीही 1948 नंतरच्या काही दशकांत बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली, आणि मनाने ती परदेशी नव्हे, आपल्या घरी चालली होती. इथे ते विखुरलेल्या ज्यू समाजाचा भाग होते; तिथे पोचल्यावर ते ‘भारतीय’ ठरले.

नव्या राष्ट्राचं धोरण उघडपणे सात्मीकरणाचं होतं. जगभरातून आलेल्या ज्यूंना एकजीव करायचं, आणि त्यासाठी हिब्रूचे वर्ग, समान शाळा, सक्तीची लष्करी सेवा. घरं मिळाली ती पुष्कळदा बीरशेबा, दिमोना यांसारख्या वाळवंटी भागातल्या गावांत. आलेल्या सगळ्यांना ते रुचलं नाही. 1951 मध्येच काही बेने इस्रायलांनी तेल अवीवमध्ये धरणं धरून भारतात परत पाठवण्याची मागणी केली. काही जण परत आले, आणि त्यातले बरेच पुढे पुन्हा इस्रायलला गेले. बाकीच्यांनी भाषा शिकली, कामं केली, मुलांना सैन्यात पाठवलं. सात्मीकरण जे जे मागतं ते सगळं त्यांनी दिलं.

अडलं ते लग्नाच्या नोंदीपाशी. इस्रायलमध्ये नागरी विवाह नाही. ज्यूंचं लग्न मुख्य रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, अखत्यारीत होतं. बेने इस्रायल शतकानुशतकं इतर ज्यूंपासून तुटून राहिले होते. त्यामुळे घटस्फोट आणि विधवेच्या पुनर्विवाहाचे धर्मनियम त्यांनी पाळले असतील का, अशी शंका काही रब्बींनी घेतली. 1961 मध्ये रब्बी मंडळाने या समाजाशी विवाहाला सरसकट बंदी नाही असं ठरवलं. पण 1962 मध्ये विवाह निबंधकांना सूचना गेल्या, की बेने इस्रायल वधू किंवा वर आला तर त्याच्या आईकडची वंशपरंपरा शक्य तितकी मागेपर्यंत तपासा. सूचनेत समाजाचं नाव घेतलेलं होतं. नागरिक म्हणून ज्यांना ज्यू मानून देशात घेतलं, त्यांनाच बोहल्यावर चढण्यापूर्वी ज्यू असल्याचा पुरावा मागितला गेला.

समाज रस्त्यावर उतरला. 1964 च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये धरणं झाली. ऑगस्टमध्ये संसदेचं खास अधिवेशन भरलं. बेने इस्रायल सर्व अर्थांनी ज्यू आहेत, असं पंतप्रधान लेवी एश्कोल यांच्या सरकारने जाहीर केलं. त्यानंतर सूचनेतून समाजाचं नाव गेलं आणि ज्याच्या ज्यूपणाबद्दल शंका असेल असा कोणीही, अशी शब्दयोजना आली. नाव गेलं, शंका घेण्याचा अधिकार राहिला. कागदपत्रं वाचताना हा फरक निसटू देऊ नका.

तुमच्या अभ्यासक्रमात मानसशास्त्रज्ञ जॉन बेरी यांची मांडणी असेल. मूळ संस्कृती जपायची का, आणि यजमान समाजात मिसळायचं का, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवरून ते सात्मीकरण, एकात्मीकरण, अलगपणा आणि परिघावर पडणं अशा चार वाटा दाखवतात. विद्यार्थी पुष्कळदा मुलाखती घेऊन माणसांना या चार चौकटींत बसवून मोकळे होतात. पण निवड एकट्या स्थलांतरिताच्या हातात नसते. यजमान समाजाने दार उघडं ठेवलं तरच काही वाटा शक्य होतात, हे बेरींनीही म्हटलंय. 1962 चा तो निबंधक हेच दाखवतो. बेने इस्रायलांनी दोन्ही प्रश्नांना ‘हो’ म्हटलं होतं. ‘नाही’ समोरून आलं.

आता टिकलं काय, ते पाहा. मराठी नातवंडांपर्यंत फारशी पोचली नाही, कारण शाळा आणि सैन्य दोन्ही हिब्रूत. ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक तिथे निघत आलं, त्याचा आधार प्रामुख्याने भारतात शिकलेली पिढी. मलिदा मात्र टिकला. गोड पोहे, ओलं खोबरं, फळं यांचं ताट मांडून एलियाहू हन्नबीचं स्मरण करायचं, मंगलकार्याआधी किंवा नवस फेडताना. माझ्या मते तो टिकला, कारण प्रार्थना हिब्रूत आहे आणि एलियाहू सगळ्या ज्यूंचा संदेष्टा आहे. ताट मात्र कोकणातलं आहे. यजमान समाजाच्या धर्मात त्याला आयती जागा मिळाली. भाषेला तशी जागा नव्हती.

म्हणून मुलाखतीला गेलात तर ‘तुम्ही स्वतःला भारतीय समजता की इस्रायली’ हा प्रश्न विचारू नका. त्याला लोक शिकलेलं उत्तर देतात. लग्नाच्या वेळी कोणते कागद मागितले, ते कुणी आणून दिले, मलिद्याला शेजारचे मोरोक्कन ज्यू येतात का, आजीशी नातवंडं कोणत्या भाषेत बोलतात, हे विचारा. आणि उत्तर देणारा 1964 च्या आधी आला की नंतर, हे वहीत सगळ्यात आधी लिहा.